चांगला एसी टेक्निशियन तुमच्याकडे का येईल? छोट्या रिपेअरिंग व्यवसायासाठी भरतीची मोहीम

रिपेअरिंगच्या धंद्यातल्या लोकांशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, कॉल भरपूर आहेत हो, पण हाताखाली माणूस नाही." लगेच पुढचं वाक्य येतं: "जाहिरात टाकली होती, कोणी चांगला आलाच नाही."

आज याच विषयावर सविस्तर बोलू. उदाहरण एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन रिपेअरिंगचं घेऊ, कारण कुशल माणसाची टंचाई इथे सगळ्यात जास्त जाणवते. समजा, नाशिकमध्ये तुमचं एक छोटं सर्व्हिस सेंटर आहे. तुम्ही स्वतः आणि तीन टेक्निशियन. मागच्या वर्षभरात तिघं सोडून गेले, त्यांच्या जागी आलेलेही फारसे टिकले नाहीत. येत्या उन्हाळ्यासाठी तुम्हाला दोन पक्के एसी टेक्निशियन हवे आहेत. आता सुरुवात कुठून करायची?

जाहिरातीच्या आधी एक काम

"एम्प्लॉयर ब्रँडिंग" म्हटलं की आपल्याला लोगोवाला टी-शर्ट आणि फेसबुक पेज आठवतं. पण तुमच्या शहरातले एसी टेक्निशियन एकमेकांना कुठे भेटतात? स्पेअर पार्टच्या दुकानात. कॅपॅसिटर, कॉपर पाइप, गॅसचा सिलिंडर घ्यायला सगळे तिथेच येतात. पार्ट मिळेपर्यंत दहा मिनिटं काउंटरवर गप्पा होतात. त्यात एक प्रश्न असतोच: "तू कोणाकडे आहेस रे? पेमेंट कसं आहे तिथं?" या प्रश्नाला तुमचा माणूस जे उत्तर देतो, तो तुमचा ब्रँड. तुम्ही पेजवर काहीही लिहा, काउंटरवरचं उत्तर वेगळं असेल तर लोक काउंटरवरच विश्वास ठेवतात.

म्हणून पहिलं काम हे, की सोडून गेलेल्या तिघांना फोन करायचा. "परत ये" म्हणायला नाही, फक्त "का गेलास" हे विचारायला. तुम्ही स्वतः विचारलंत तर बहुतेक जण "घरचा प्रॉब्लेम होता शेठ" एवढंच सांगतील. म्हणून दोघांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाला चहाच्या निमित्ताने विचारायला सांगा.

समजा, आपल्या उदाहरणात अशी उत्तरं आली. पहिला म्हणाला, "इन्सेंटिव्हचे दोन महिन्यांचे पैसे लटकले, हिशोब कधी दाखवलाच नाही." दुसरा म्हणाला, "पावसाळा लागला की घरी बसायला सांगतात. उन्हाळ्यात राबायचं आणि जुलैमध्ये उधारी करायची." तिसरा म्हणाला, "पाचव्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला आउटडोअर युनिट. बेल्ट नाही, सोबत माणूस नाही. वर त्या एसीची परत तक्रार आली तर माझ्या पगारातून कापले."

बघा, "पगार कमी होता" असं कोणी म्हणालं नाही. पगार महत्त्वाचा असतोच, पण या तिघांना घालवलं ते अनिश्चितपणाने. हे दुरुस्त न करता कितीही मोठी जाहिरात केली तरी नवीन माणूस दीड महिन्यात त्याच कारणासाठी जाईल, आणि जाताना काउंटरवर सांगून जाईल.

चार शब्द द्या, पण पाळता येतील तेवढेच

या उत्तरांवरून चार गोष्टी कागदावर लिहून काढायच्या.

पहिली, पगार आणि इन्सेंटिव्ह दोन्ही दर महिन्याच्या ७ तारखेला, कॉलच्या यादीसकट. कोणत्या कॉलचे किती, हे माणसाला त्याच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे.

दुसरी, बारा महिने काम. पावसाळ्यात एसीचे कॉल पडतात हे खरं, पण फ्रिज आणि वॉशिंग मशीन बंद पडायची थांबत नाहीत. एसीच्या माणसाला ही दोन कामं शिकवली की त्याला घरी बसवावं लागत नाही.

तिसरी, उंचावरच्या युनिटला फुल बॉडी हार्नेस आणि सोबत दुसरा माणूस. पट्टा अडकवायला पक्की जागा नसेल तर टेक्निशियनने काम नाकारायचं, आणि गिऱ्हाइकाशी मालकाने बोलायचं.

चौथी, रिपीट कॉलचा नियम. बसवलेला पार्ट कंपनीकडूनच खराब निघाला तर टेक्निशियनची चूक नाही, दुसऱ्या फेरीचंही पेट्रोल मिळेल. चूक त्याच्या कामाची असेल तर त्या कॉलचा इन्सेंटिव्ह नाही. पगाराला मात्र हात लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, "सर, बारा महिने पगार द्यायचा म्हणजे पावसाळ्यात मी बुडालो." चला, हिशोब करू. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा, एका कॉलमागे मजुरीचे सरासरी ६०० रुपये मिळतात. पगार २०,००० रुपये, आणि महिन्याला ५० च्या वरच्या प्रत्येक कॉलला ८० रुपये इन्सेंटिव्ह. सीझनमध्ये माणूस महिन्याला १०० कॉल करतो. तुमच्याकडे आले ६०,०००. त्याला गेले २०,००० अधिक ४,०००, म्हणजे २४,०००. पेट्रोल २,६०० आणि हत्यारं, विमा वगैरेचे १,००० धरा. एकूण खर्च २७,६००. हातात राहिले ३२,४००, त्यातून दुकानभाडं, फोन आणि तुमचा स्वतःचा वाटा.

पावसाळ्यात ५० कॉल झाले तर आले ३०,०००. पगार २०,०००, पेट्रोल २,००० आणि बाकीचे १,००० मिळून खर्च २३,०००. तरी ७,००० उरतात. त्या माणसाचा थेट खर्च भागायला महिन्याला ३९ कॉल लागतात, म्हणजे २६ दिवसांत रोज दीड कॉल. ३५ च झाले तर त्या महिन्यात २,००० रुपये खिशातून जातील. सीझनच्या एका महिन्याच्या शिलकेसमोर हे फार नाहीत.

पण पावसाळ्यात तुमच्याकडे महिन्याला २० च कॉल असतील तर हा शब्द देऊ नका. त्याऐवजी स्पष्ट सांगा की जुलै ते सप्टेंबर पगार १४,००० राहील आणि दुसरीकडे काम करायला मोकळीक असेल. कमी पण खरं सांगितलेलं माणसाला चालतं. मार्चमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरं, हे चालत नाही.

वेळ कोणती?

एसीची गडबड फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होते आणि पाऊस येईपर्यंत चालते. बरेच मालक मार्चमध्ये माणूस शोधायला निघतात. तेव्हा चांगला माणूस कुठेतरी बांधलेला असतो, बऱ्याचदा त्याने उचलही घेतलेली असते. मार्चमध्ये जो मोकळा सापडतो, तो का मोकळा आहे हे नीट विचारा.

मोहीम डिसेंबरच्या मध्यावर सुरू करून जानेवारीत संपवा. तेव्हा एसीचं काम थंड असतं आणि माणूस शांतपणे विचार करू शकतो. शिवाय तुमची पद्धत शिकायला त्याला फेब्रुवारी मिळतो.

जाहिरात कशी लिहायची?

नेहमीची जाहिरात अशी असते: "अनुभवी एसी टेक्निशियन पाहिजेत. पगार योग्यतेनुसार. त्वरित संपर्क साधा." यातून काहीच कळत नाही. "योग्यतेनुसार" वाचून नवखे फोन करतात आणि अनुभवी माणूस पुढे सरकतो, कारण तो अशा ठिकाणी आधी फसलेला असतो.

त्याऐवजी असं लिहा:

"नाशिक शहरात एसी टेक्निशियन, २ जागा. स्प्लिट एसीचं इन्स्टॉलेशन, गॅस चार्जिंग आणि लीकेज स्वतः करता आलं पाहिजे, किमान २ वर्षं अनुभव. पगार २०,००० रुपये, महिन्याला ५० कॉलच्या वर प्रत्येक कॉलला ८० रुपये. पेट्रोल वेगळं. पगार ७ तारखेला, कॉलच्या यादीसकट. पावसाळ्यातही काम आणि पूर्ण पगार, फ्रिज-वॉशिंग मशीन आम्ही शिकवू. उंचावरच्या कामाला हार्नेस आणि जोडीदार. आठवड्याला एक सुट्टी, एप्रिल-मेमध्ये आलटून पालटून. स्वतःची बाइक आणि लायसन्स हवं. फोन संध्याकाळी ७ ते ९, मालक स्वतः बोलतील."

शेवटची ओळ मुद्दाम आहे. टेक्निशियन दिवसभर साइटवर असतो, त्याच्या मालकासमोर तो तुमच्याशी कसा बोलणार? दुपारी आलेला मिस्ड कॉल सोडू नका, पण परत फोन सातनंतरच करा.

सुट्टीची ओळही बघा. उन्हाळ्यात दर रविवारी सुट्टी देता येणार नाही, हे तिथेच सांगितलं आहे.

जाहिरात कुठे पोहोचवायची?

तीन जागा पुरतात.

पहिली जागा स्पेअर पार्टचं काउंटर. दुकानदाराला विचारून ए-फोर आकाराचा कागद लावा. नुसता चिकटवून निघून येऊ नका. दुकानदाराला चार शब्द तोंडी सांगा, कारण "हे कसे आहेत हो?" हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार. तुमची त्याच्याकडची उधारी थकलेली असेल तर ती आधी मिटवा. जो त्याचेच पैसे वेळेवर देत नाही, तो पगार वेळेवर देईल असं तो कसं सांगेल?

दुसरी जागा तुमचे सध्याचे टेक्निशियन. त्यांनी माणूस आणला तर ३,००० रुपये बक्षीस ठेवा, पण दोन भागांत: १,००० माणूस रुजू झाल्यावर आणि २,००० त्याला तीन महिने झाल्यावर. सगळे पैसे आधी दिले तर कोणालाही आणून उभं केलं जातं. आणि तुमचे लोक महिनाभर कोणाचंच नाव सुचवत नसतील तर समजा, ते मित्राला इथे आणायला कचरतायत. हा तुमच्यासाठी इशारा आहे. जाहिरात थांबवा आणि आधी त्यांच्याशी बोला.

तिसरी जागा व्हॉट्सअॅप. टेक्निशियन लोकांचे आपापले ग्रुप असतात. तिथे एक मिनिटाचा व्हिडिओ टाका. त्यात तुम्ही बोलू नका, तुमचा टेक्निशियन बोलू दे, अर्थात त्याची मर्जी असेल तरच. पाठ केलेलं भाषण नको. साइटवर, कामाच्या कपड्यांत, मोबाइल आडवा धरून त्याला तीन प्रश्न विचारा: किती दिवस झाले इथे? पगार कधी होतो? पावसाळ्यात काय काम करतोस? हार्नेस अंगावर घालून दाखवला तर आणखी चांगलं. "आमचा परिवार, आमची फॅमिली" असली वाक्यं काढून टाका. बघणारा टेक्निशियन ७ तारीख ऐकायला थांबतो.

अनुभवी माणूस मिळायला वेळ लागत असेल तर जवळच्या आयटीआयमध्येही जाऊन या. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. तिथला मुलगा लगेच एकटा साइटवर जाऊ शकणार नाही, पण जोडीदार म्हणून पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तुमचा टेक्निशियन होतो. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकार स्टायपेंडचा २५ टक्के वाटा ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलतं. तुमचं युनिट त्यात बसतं का, हे आयटीआयमध्येच विचारून घ्या.

फोन आणि अर्ध्या दिवसाची ट्रायल

फोनवर पाच मिनिटं पुरतात. सध्या काय काम करतोस, शेवटचे तीन कॉल कोणते होते, राहायला कुठे, बाइक आहे का, आणि आधीच्या मालकाची उचल बाकी आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका. उचल बाकी असेल तर ती फेडून, सांगून यायला वेळ द्या. दुसऱ्याचा माणूस रातोरात पळवलात तर उद्या तुमचाही तसाच जाईल.

बोलण्यातून काम येतं की नाही हे कळत नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची ट्रायल घ्या आणि तिचे पैसे द्या, समजा ५०० रुपये. फुकट राबवून घेतलंत तर तीही बातमी काउंटरवर पोहोचते. ट्रायल गिऱ्हाइकाकडे नको, तुमच्या दुकानातल्या जुन्या युनिटवर घ्या.

मी तीन गोष्टी बघायला सांगतो. युनिट उघडल्यावर तो आधी वीज बंद करतो का आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात लावतो का? दुसरं, "कूलिंग कमी आहे" म्हटल्यावर सरळ गॅस भरायला धावतो, की आधी फिल्टर, कॉइल आणि क्लॅम्प मीटरवर करंट बघतो? तिसरं, गॅस कमी निघाला तर लीकेज शोधतो का? बरोबर माणूस कोरड्या नायट्रोजनने प्रेशर देतो, साबणाचं पाणी लावतो, लीक बंद करतो, व्हॅक्यूम पंप लावतो आणि मग वजनावर गॅस भरतो. प्रेशरसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मागणाऱ्याला तिथेच थांबवा, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजन आला की स्फोट होऊ शकतो. हल्ली घरच्या एसीत सर्रास असणारा आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे ब्रेझिंगच्या आधी सिस्टिममधला गॅस काढून घेण्याची सवय त्याला आहे का, हेही बघा.

एखादी पायरी चुकली म्हणून लगेच नापास करू नका. वेग शिकवता येतो, फ्रिज शिकवता येतो. पण सुरक्षेची बेफिकिरी आणि न केलेलं काम "केलं" म्हणून सांगायची सवय, या दोन गोष्टी असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

मोहिमेचा हिशोब

एका वहीत नोंद ठेवा: फोन कुठून आला, पुढे काय झालं. आपल्या उदाहरणात समजा चार आठवड्यांत असं झालं. व्हॉट्सअॅपवरून २० फोन आले, त्यातले ३ कामाचे. काउंटरवरून ९, त्यातले ४ कामाचे. आपल्या माणसांच्या ओळखीने ५, त्यातले ४ कामाचे. ट्रायलला ७ जण आले, ४ पास झाले. तिघांना विचारलं, दोघं रुजू झाले. तिसऱ्याला त्याच्या मालकाने पगार वाढवून ठेवून घेतलं.

खर्च किती? कागद-छपाई ६०० रुपये, ट्रायलचे ३,५००, आणि दोघांतला एक ओळखीने आला म्हणून बक्षीस ३,०००. एकूण ७,१००, म्हणजे एका माणसामागे ३,५५० रुपये.

या वहीवरून बिघाड कुठे आहे ते कळतं. फोन खूप पण सगळे नवखे, तर जाहिरातीत कामाचं वर्णन अपुरं आहे. फोनच नाहीत, तर एक तर पगार बाजारापेक्षा कमी आहे किंवा काउंटरवर तुमचं नाव चांगलं नाही. ट्रायल पास होऊन लोक येत नाहीत, तर तुम्ही उत्तर द्यायला उशीर करताय. त्याच संध्याकाळी हो किंवा नाही सांगा. आणि रुजू होऊन महिन्याभरात जात असतील तर जाहिरातीत दिलेला एखादा शब्द मोडला गेला आहे.

पहिले तीन महिने

रुजू होताना एक पानाचं पत्र द्या. जाहिरातीतल्याच चार गोष्टी, तुमच्या सहीने. त्याची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका, पहिला पगार "डिपॉझिट" म्हणून अडवू नका. असं करून माणूस टिकत नाही, फक्त गेलेला माणूस जास्त चिडून जातो.

विम्याचंही बघा. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआय लागू होतं. त्याआधी निदान अपघात विमा हवाच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं, त्याच्या बँक खात्यातून ते सुरू होतं. ते कमीच आहे, म्हणून उंचावर काम करणाऱ्यांसाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्या.

पहिल्या महिन्याची ७ तारीख सगळ्यात महत्त्वाची. त्या दिवशी गिऱ्हाइकाचे पैसे आले नसतील, तरी नवीन माणसाचा पगार व्हायला हवा. म्हणून माणूस घेण्याआधी एका महिन्याचा पगार बाजूला काढून ठेवा. दोन माणसांचे ४०,०००. तेवढे बाजूला निघत नसतील तर या वर्षी एकच माणूस घ्या.

एवढं करूनही एखादा तीन वर्षांनी स्वतःचं दुकान टाकायला जाईलच. चांगला टेक्निशियन कधीतरी मालक होतो, तुम्हीही बहुतेक असेच झालात. त्याला भांडून घालवू नका. तोच उद्या काउंटरवर म्हणेल, "तिकडे जा, पेमेंट टायमावर आहे."

तर मित्रांनो, या आठवड्याचं काम: सोडून गेलेल्या शेवटच्या तीन माणसांची कारणं काढा आणि कागदावर लिहा. तुमचा व्यवसाय मोबाइल, आरओ, मोटार रिवायंडिंग, कुठलाही असो, तुम्हाला काय कारणं मिळाली ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!